दप्तरात झोपलेला ई-रीडर रोज बारा टक्के का खात होता: सोलापूर–अक्कलकोट मार्गावरचं एक प्रकरण

माझी मावशी अक्कलकोटच्या एका शाळेत शिकवते. राहायला जुळे सोलापूर, रोज एसटीने जाऊन-येऊन. तिच्याकडे २०२१ सालचा किंडल पेपरव्हाइट आहे. रविवारी रात्री तो शंभर टक्के भरायचा आणि शुक्रवारी परत येताना बॅटरीची सूचना यायची. बसमध्ये जागा मिळाली तर जाताना अर्धा तास आणि येताना अर्धा तास, एवढंच तिचं वाचन. एका दुरुस्तीच्या दुकानात तिला सांगितलं, "बॅटरी गेली, बदलावी लागेल." मी नवी पेठेत मोबाइल-टॅबलेट दुरुस्तीचं काम करतो, म्हणून बॅटरी मागवण्याआधी तिने मला फोन केला.

काकांचं म्हणणं वेगळं होतं. "अरे, सोलापूरचा उन्हाळा. दप्तर तापतंय, बॅटरी उडती." उन्हाची शंका अगदी निराधार नाही. लिथियमची बॅटरी नुसती पडून राहिली तरी महिन्याला दोन-तीन टक्के स्वतःहून उतरते, आणि गरमीत हा वेग वाढतो. सतत चाळीस अंशांच्या वर राहिली तर तिचं आयुष्यही कायमचं घटतं. पण ही सगळी महिन्या-वर्षांच्या हिशोबातली झीज आहे. पाच दिवसांत पूर्ण बॅटरी रिकामी होणं उन्हाने शक्य नाही.

बॅटरी जास्त उतरते असं म्हणायचं तर आधी किती उतरायला हवी ते ठरवायला लागतं. या मॉडेलला कंपनी दहा आठवडे सांगते. ग्राहक "दहा आठवडे" एवढंच लक्षात ठेवतो, खालच्या ओळीतली अट वाचत नाही: रोज अर्धा तास वाचन, वायरलेस बंद आणि दिव्याची पातळी १३ वर. दिवा चोवीसपर्यंत जातो, म्हणजे १३ ही साधारण मधली पातळी. आता गुणाकार करा. सत्तर दिवस, रोज अर्धा तास, म्हणजे एका चार्जमध्ये पस्तीस तासांचं वाचन. एका तासाला साधारण तीन टक्के.

मावशी दिवा जरा जास्त ठेवते, बॅटरीही काही वर्षांची आहे. म्हणून मी तासाला पाच टक्के धरले. रोज एक तास म्हणजे पाच दिवसांत पंचवीस टक्के जायला हवेत, पण जात होते जवळपास नव्वद. दिवसाला अठरापैकी पाच टक्के वाचनाचे. उरलेले बारा-तेरा टक्के मिटलेल्या, दप्तरात ठेवलेल्या यंत्राने खाल्लेले.

ई-इंकच्या पडद्याबद्दल एक गोष्ट इथे लक्षात घ्यायला हवी. पानावरची शाई हलवायला वीज लागते, पान तसंच दाखवत ठेवायला लागत नाही. म्हणूनच झोपलेल्या ई-रीडरवर चित्र दिसत असलं तरी त्या चित्राचा खर्च शून्य असतो. खर्च होतो तो तीन गोष्टींचा: जागा असलेला प्रोसेसर, पुढचा दिवा आणि वायरलेस. त्यामुळे प्रश्न एवढाच उरला की मावशीचं यंत्र दप्तरात खरोखर झोपतं का, आणि झोपलं तरी वायरलेस काय करत असतं.

पहिली चाचणी बॅटरीची घेतली. सगळ्यात आधी हीच घ्यावी, कारण इथे बॅटरी दोषी निघाली तर पुढचं सगळं व्यर्थ. कव्हर काढून ठेवलं, `Airplane Mode` चालू केला, बटण दाबून यंत्र झोपवलं आणि शनिवारी संध्याकाळपासून सोमवारी सकाळपर्यंत कपाटाच्या फळीवर ठेवलं. एकाच रात्रीवर मी विसंबत नाही. टक्क्यांचा आकडा हा अंदाज असतो, एखादा टक्का इकडे-तिकडे होतोच, आणि रात्रीच्या आठ-दहा तासांत तेवढी चूकही मोठी ठरते. छत्तीस तासांनंतर एक टक्का उतरला होता. दुकानातलं निदान इथेच संपलं. बॅटरी धड होती आणि यंत्राला झोपता येत होतं.

ही चाचणी घेण्याआधी एक काळजी घेतली, ती सांगायला हवी. मावशीने त्याच आठवड्यात लॅपटॉपवरून बरीच मराठी पुस्तकं एकदम भरली होती. नवं पुस्तक आलं की ई-रीडर त्यातल्या शब्दांची सूची बनवायला बसतो, म्हणजे पुढे शोध लवकर लागावा. हे काम पडदा मिटलेला असतानाही चालतं आणि बॅटरी खातं. एखादी फाइल बिघडलेली असेल तर ते तिथेच अडकून राहतं. म्हणून यंत्र आधी एक रात्रभर चार्जरवर लावून ते काम उरकू दिलं. हे केलं नाही तर पहिल्याच मोजमापात सूचीचा खर्च मिसळतो आणि संशय नको तिथे जातो.

पुढच्या शनिवारी सगळं तसंच ठेवलं, फक्त वाय-फाय चालू. घरातला राउटर शेजारच्या खोलीत. छत्तीस तासांत चार टक्के. म्हणजे दिवसाला तीनच्या आत. वाय-फाय खातं, पण बारा टक्के खात नाही. वायरलेस चालू असलं की झोपेतही ई-रीडर मधूनमधून डोकं वर काढतो, नवं पुस्तक आलं का, दुसऱ्या यंत्रावर वाचन कुठवर झालं, हे विचारतो आणि परत झोपतो. ओळखीचं नेटवर्क जवळ असेल तर हे चटकन उरकतं.

बरेच जण इथवर येऊन थांबतात, "वाय-फाय बंद करा" म्हणतात आणि तेवढ्याने थोडा फरक पडल्यामुळे त्यांना उत्तर सापडल्यासारखं वाटतं. मला आकडा जुळत नव्हता.

मग यंत्र दप्तरात घालून चाचणी केली. मावशीला विनंती केली की थोडे दिवस बसमध्ये छापील पुस्तक वाच, किंडल नुसता दप्तरात ने. `Airplane Mode` चालू, कव्हर नेहमीचं. संध्याकाळी घरी आली तेव्हा पाच टक्के कमी, दुसऱ्या दिवशी सहा. वायरलेस पूर्ण बंद, वाचन नाही, तरी इतके. त्यानंतर कव्हर काढलं, बटणाने झोपवलं आणि कापडी पिशवीत घालून त्याच दप्तरातून त्याच बसने पाठवलं. दिवसाअखेर आकडा हललेला दिसला नाही. सगळा संशय कव्हरवर आला.

कव्हर बंद केलं की ई-रीडर झोपतो आणि उघडलं की जागा होतो, ते लोहचुंबकामुळे. कव्हरच्या झाकणात एक चपटा चुंबक शिवलेला किंवा चिकटवलेला असतो, आणि यंत्राच्या कडेला आत चुंबक ओळखणारा छोटा हॉल सेन्सर असतो. चुंबक समोर आला की झोप, दूर गेला की जाग. यंत्राला कव्हर दिसत नाही, फक्त चुंबक आहे की नाही एवढंच कळतं.

मावशीचं कव्हर ऑनलाइन घेतलेलं, स्वस्तातलं. मागे मऊ रबरी साचा, त्यात यंत्र बसवायचं आणि पुढे झाकण. टेबलावर सपाट ठेवून झाकलं की दर वेळी बरोबर झोपायचं, म्हणून कव्हरवर कुणाचा संशय गेला नव्हता. मी खोलीतले दिवे घालवले, यंत्र झाकलं, उभं धरलं आणि झाकण अंगठ्याने बाजूला सरकवलं. जेमतेम अर्धं बोट सरकलं आणि कडेच्या फटीतून पांढरा उजेड बाहेर आला. झाकण मिटलेलं, आत पान उघडं, दिवा पूर्ण. सोडलं की झाकण जागेवर येऊन दिवा विझायचा. परत ढकललं की परत जाग.

असं का होतंय ते बघायला सेन्सर नेमका कुठे आहे ते शोधलं. यंत्र चालू ठेवून इअरफोनच्या डबीतला छोटा चुंबक कडेकडेने फिरवला. ज्या जागी पडदा मिटला तिथे कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावला. झाकणातला चुंबक दिसत नाही, पण शिवणाची टाचणी दोऱ्याला बांधून झाकणावरून फिरवली की ती एका ठिकाणी ओढली जाते. दोन्ही खुणा जुळवल्या तर चुंबक सेन्सरच्या नेमका समोर नव्हता, कडेला होता. त्यात रबरी साचा वापराने सैल पडलेला, यंत्र साच्यात दोन-तीन मिलिमीटर खाली घसरायचं. टेबलावर ते वर राहतं आणि सेन्सरला चुंबक कसाबसा जाणवतो. दप्तरात उभं ठेवलं की ते खाली बसतं, वरून डबा आणि वह्यांचा दाब झाकणाला तिरकं ढकलतो, आणि चुंबक सेन्सरच्या टप्प्याबाहेर जातो.

आता बसच्या धक्क्यांचा हिशोब पाहा. झाकण सरकलं की यंत्र जागं होतं. कुणी स्पर्श केला नाही तर साधारण दहा मिनिटांनी आपोआप झोपतं. तोवर दिवा चालू. तासाला पाच टक्के धरले तर दहा मिनिटं उगाच जागं राहण्याला पाऊण टक्क्याहून थोडा जास्त खर्च येतो. आपोआप झोपल्यावरही प्रश्न मिटत नाही. पुढच्या धक्क्याला चुंबक क्षणभर समोर आला आणि परत सरकला की यंत्र पुन्हा जागं. रिक्षात, बसमध्ये, तासिकांमध्ये दप्तर उचलून नेताना असं सहा-सात वेळा झालं तरी पाच-सहा टक्के भरतात. मोजलेला आकडाही तेवढाच होता.

हा केवळ तर्क राहू नये म्हणून मावशीला एक साधी नोंद ठेवायला सांगितली. झोपताना ई-रीडर मिटलेल्या पडद्यावर चित्र दाखवतो, आणि वाचत असलेल्या पुस्तकाचं मुखपृष्ठ दाखवण्याची सोय बंद असेल तर दर झोपेला चित्र बदलतं. ती सोय बंद केली. सकाळी दप्तरात ठेवताना कोणतं चित्र आहे ते पाहायचं आणि बाहेर काढताना झाकण उघडल्या-उघडल्या क्षणभर जे दिसतं तेही पाहायचं. चित्र तेच असेल तर यंत्र मधे एकदाही उठलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला: "सकाळी पेन्सिलींची टोकं होती रे. शाळेत बघितलं तर छापखान्याचे खिळे. मी हातसुद्धा लावला नव्हता." याहून खात्रीचा पुरावा घरच्या घरी मिळत नाही. यासाठी ना उपकरण लागतं, ना बॅटरी मोजायला दिवस घालवावे लागतात.

तरी एक जागा रिकामी होती, आणि मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची तीच वाटते. कव्हरचे पाच-सहा टक्के, वाय-फायचे तीनच्या आत, म्हणजे बेरीज आठ-नऊ. पण मूळ परिस्थितीत, म्हणजे वाय-फाय चालू, कव्हर तेच, वाचन नाही, अशी चाचणी परत घेतली तेव्हा दिवसाला बारा-तेराच गेले. तीन-चार टक्के बेरजेत कुठेच बसत नव्हते.

ते टक्के दोन दोषांच्या एकत्र येण्याचे होते. घरी कपाटात वाय-फाय चालू असलेलं यंत्र झोपेत क्वचित उठतं आणि राउटर लगेच सापडतो. दप्तरात मात्र कव्हर त्याला पुन्हा-पुन्हा पूर्ण जागं करतं, आणि दर वेळी त्याच्याबरोबर वायरलेसही जागं होतं. सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावर ओळखीचं नेटवर्क एकही नाही, शाळेतही नाही. मग ते एकामागून एक चॅनल धुंडाळत राहतं, कारण जोडणी न मिळणं म्हणजे काम न संपणं. वाय-फायने जोडलेल्या अवस्थेत शांत बसणं स्वस्त असतं, शोधत राहणं महाग. म्हणजे कपाटात मोजलेला वाय-फायचा खर्च दप्तराला लागू पडत नाही. घरी चाचणी घेऊन "वाय-फाय फारसं खात नाही" म्हणणारे आणि प्रवासात वापरून "वाय-फायनेच बॅटरी जाते" म्हणणारे, दोघेही आपापल्या जागी खरं सांगत असतात.

उपाय दोन केले. पहिला, `Airplane Mode` कायम चालू. पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढलं की तो समोरच येतो. याची किंमत आहे: फोनवरून पाठवलेलं पुस्तक येत नाही, आणि फोनवर पुढे वाचलं असेल तर पान जुळत नाही. मावशी फोनवर वाचत नाही, त्यामुळे तिचं काही अडलं नाही. रविवारी चार्जिंगला लावताना ती अर्धा तास वाय-फाय चालू करते, आठवड्याभरात पाठवलेलं सगळं तेव्हा उतरून येतं. जे फोन आणि ई-रीडर दोन्हीवर एकच पुस्तक वाचतात त्यांना हा नियम जाचेल. त्यांनी निदान घरातून निघताना तरी वायरलेस बंद करावं.

दुसरा उपाय कव्हरचा. साच्याच्या खालच्या कडेला फोमची पातळ पट्टी चिकटवली, म्हणजे यंत्र वर उचललेलं राहील आणि सेन्सर चुंबकाच्या समोर येईल. झाकणावरून एक रुंद इलॅस्टिक चढवलं. या दोन्हींनंतर दप्तरातला दिवसाचा खर्च दिसेनासा झाला आणि रविवारचा चार्ज वाचनासकट दोन आठवडे सहज पुरू लागला. पण पट्टी मार्चपर्यंतच टिकली. उन्हात डिंक पाघळला, पट्टी सरकली आणि खिळे-पेन्सिलींचा खेळ परत सुरू झाला. काकांच्या उन्हाचा संबंध शेवटी एवढाच निघाला. मग कव्हरच बदललं.

हीच लक्षणं असलेलं यंत्र तुमच्या हातात असेल तर सगळ्या चाचण्या कराव्या लागणार नाहीत, पण फळीवरची पहिली चुकवू नका. वायरलेस बंद, कव्हर नाही, यंत्र हलत नाही, तरीही दीड दिवसात दहा टक्के गेले तर कव्हर आणि वाय-फाय दोन्ही निर्दोष आहेत. तेव्हा पॉवर बटण चाळीस सेकंद दाबून धरून यंत्र पुन्हा सुरू करा, सूचीचं काम संपू द्या, परत मोजा. तेव्हाही तेवढंच उतरलं तर बॅटरीचं निदान मान्य करायला हरकत नाही. कव्हर नसतानाही दप्तरात यंत्र उठत असेल तर पर्सचं चुंबकी बटण किंवा इअरफोनची डबी शेजारी येते का ते पाहा. तो चुंबक सेन्सरजवळ येऊन दूर गेला की यंत्राला कव्हर उघडल्यासारखंच वाटतं.

छोट्या अँड्रॉइड टॅबलेटला हे आकडे जसेच्या तसे लावू नका. त्याचा पडदा उजळला की खर्च ई-इंकच्या कैक पट असतो, त्यामुळे खोटी जाग तिथे फारच महाग पडते. वायरलेसची गोष्टही निराळी. २०१५ च्या अँड्रॉइड ६ मध्ये झोपेत अ‍ॅपना रोखून धरणारी डोझ नावाची सोय आली, पण ती यंत्र स्थिर पडून असेल तरच लागू व्हायची. हलत्या दप्तरात तिचा उपयोग नव्हता. २०१६ च्या अँड्रॉइड ७ मध्ये हलतानाही चालणारी सौम्य पायरी जोडली, पण पूर्ण गाढ झोप अजून स्थिर यंत्रालाच मिळते. म्हणून टॅबलेट टेबलावर रात्रभर चांगला टिकतो आणि एसटीत टिकत नाही, हे बॅटरी खराब असल्याचं लक्षण नाही. शिवाय तिथे वाय-फाय बंद केलं तरी लोकेशनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ स्कॅनिंगची वेगळी बटणं असतात, ती चालू असली तर शोध सुरूच राहतो. ती दोन्ही बंद करावीत.

नवं कव्हर मावशीने या वेळी दुकानात जाऊन, यंत्र बरोबर नेऊन घेतलं. ते टेबलावर झाकून बघण्यात अर्थ नाही, तिथे सगळीच झोपतात. दिवा पूर्ण वाढवून यंत्र साच्यात बसवायचं, झाकायचं, दप्तरात असतं तसं उभं धरायचं, झाकण अर्धं बोट डावीकडे, अर्धं बोट उजवीकडे ढकलायचं, आणि कडेला हाताचा आडोसा करून आत उजेड येतो का ते पाहायचं. मग उलटं धरून दोनदा झटकायचं. पहिली दोन कव्हरं यात नापास झाली. तिसऱ्याचा साचा टणक होता, यंत्र त्यात जराही हलत नव्हतं, आणि झाकणाच्या कडेला एक नव्हे तर अंतराने दोन चुंबक होते. तेच घेतलं.